पृष्ठभागाचा सपाटपणा व समांतरता

यंत्रभागाच्या पृष्ठभागावरील उंचसखलपणा आणि आधारभूत पृष्ठभागाच्या संदर्भात त्याचा कल यांवर आरेखनात घातलेल्या मर्यादा व त्या तपासण्याची पद्धती. भारतात या मर्यादा दर्शविण्याच्या रीती आय.एस. ८००० या मानकात दिलेल्या आहेत.

आरेखनातील चौकटीत समांतरभुज चौकोनाच्या चिन्हापुढे ०·०२ हा आकडा असल्यास तो सपाटपणाची मर्यादा दाखवितो. त्याचा अर्थ ‘अधिक किंवा उणे ०·०२ मिमी.’ असा नसतो. एकमेकांपासून ०·०२ मिमी. अंतरावर असलेल्या दोन समांतर प्रतलांमध्ये पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू सामावला पाहिजे, असा त्याचा अर्थ होय. या दोन प्रतलांमधील अवकाशास सह्यता क्षेत्र म्हणतात व चौकटीतील आकडा ही त्याची संपूर्ण रुंदी असते. सपाटपणाचे हे क्षेत्र कोणत्याही दिशेला कललेले चालते, कारण ते दुसऱ्या कोणत्याही पृष्ठभागाशी बांधलेले नसते.

दोन तिरप्या समांतर रेषांचे चिन्ह समांतरता दर्शविते. त्याच्या चौकटीत आकड्यानंतर आधारतलाचे अक्षर येते. येथेही आकडा म्हणजे क्षेत्राची रुंदीच. मात्र क्षेत्राची दोन्ही प्रतले आधारतलाला समांतर असली पाहिजेत. म्हणून समांतरतेत कल व उंचसखलपणा हे दोन्ही दोष एकत्र मोजले जातात. जो पृष्ठभाग ०·०५ मिमी. समांतरता पाळतो, त्याचा सपाटपणातील दोष ०·०५ मिमी.पेक्षा अधिक असूच शकत नाही. त्यामुळे त्याच पृष्ठभागावर सपाटपणाची वेगळी मर्यादा दिली असेल, तर ती याहून कमी असते.

तपासणी : कारखान्यात सरफेस प्लेट या नावाने परिचित असलेली ओतीव लोखंडाची किंवा ग्रॅनाइटाची पाटी हे संदर्भ प्रतल मानतात. समांतरतेसाठी आधारतल खाली करून भाग पाटीवर ठेवतात, डायल गेजाचा स्तंभ पाटीवर सरकवितात आणि वरच्या पृष्ठभागावरील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान वाचनांतील फरक काढतात. हा फरक थेट चौकटीतील आकड्याशी ताडून पाहता येतो. मात्र त्याला सपाटपणा म्हणता येत नाही.

समजा, २०० मिमी. लांब व १०० मिमी. रुंद ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठभागावर समांतरता ०·०५ व सपाटपणा ०·०२ मिमी. मागितला आहे. वाचने डाव्या कडेला ०, मध्यभागी ०·०३ व उजव्या कडेला ०·०४ मिमी. आली. फरक ०·०४ मिमी. असल्याने समांतरता मान्य होते. हाच आकडा सपाटपणाचा समजल्यास मात्र ठोकळा चुकीने नाकारला जाईल. तीन लहान स्क्रू जॅकांवर ठोकळा ठेवून दोन्ही कडांची वाचने सारखी केली, तर कल निघून जातो. मध्यभागी केवळ ०·०१ मिमी. उंचवटा उरतो व सपाटपणाही मान्य ठरतो.

जॅकांवर भाग कसा समतल केला यावरही वाचन अवलंबून असते. पिळलेल्या ठोकळ्याचे तीन कोपरे शून्यावर आणल्यावर चौथा ०·०२४ मिमी. उंच आला, तर तो मर्यादेबाहेर भासतो. परंतु एका कर्णाची दोन टोके आपसांत व दुसऱ्या कर्णाची दोन टोके आपसांत सारखी केल्यास एक जोडी ०·००६ मिमी. वर व दुसरी तितकीच खाली येते. म्हणजे कोपऱ्यांपुरता खरा दोष ०·०१२ मिमी. असतो. यावरून असा नियम निघतो की, कोणत्याही समतलनात मिळालेला फरक मोजलेल्या बिंदूंच्या खऱ्या दोषापेक्षा कमी नसतो. तो मर्यादेत असल्यास भाग निःशंकपणे स्वीकारावा. मर्यादेबाहेर असल्यास मात्र नाकारण्यापूर्वी पुन्हा समतल करून पाहावे.

मर्यादा : आधारतलावर बर किंवा धातूचा कीस राहिला, तर एक कोपरा उचलला जाऊन नसलेला कल दिसतो. आधारतल फुगीर असेल, तर भाग डुलतो. कोपरा बोटाने दाबताच वाचन बदलणे ही त्याची खूण होय. अशा वेळी पातळ पत्र्याच्या पट्ट्यांनी भाग स्थिर करावा लागतो. पाटीचा स्वतःचा दोषही वाचनात मिसळतो. म्हणून तो तपासावयाच्या मर्यादेच्या सुमारे एक-दशांशापेक्षा अधिक नसावा, असा संकेत आहे. शेवटी, मोजलेल्या बिंदूंच्या मधला खड्डा वाचनात उतरत नाही. पृष्ठभाग मोठा किंवा खडबडीत असल्यास बिंदू अधिक दाट घ्यावे लागतात.