डोळे कधी तपासावेत?

चष्म्याचा नंबर स्थिर आहे म्हणजे डोळे निरोगी आहेत, असे समजू नका. काचबिंदू बहुधा दुखत नाही; दृष्टी कडेने आक्रसत जाते आणि गेलेली परत येत नाही. म्हणून 40व्या वर्षी संपूर्ण तपासणी करावी. 55पर्यंत दोन ते चार वर्षांनी, 65पर्यंत एक ते तीन वर्षांनी आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी.

आपल्याला काचबिंदू असेल, तर भावंडांना व मुलांना सांगा. मुलगा 38 वर्षांचा असला, तरी त्याने चाळिशीची वाट पाहू नये. डोळ्याचा दाब योग्य असूनही दृष्टीची नस झिजू शकते. तीही तपासून घ्यावी.

प्रौढपणी मधुमेहाचे निदान होताच, आणि नंतर दरवर्षी, थेंब घालून दृष्टिपटल तपासावे. थेंबांनी काही तास अंधूक दिसते; सोबत कोणी न्यावे.