आकृती गाळलेल्या प्रश्नाचं उत्तर

विज्ञानाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स प्रतींत असा एखादा प्रश्न हमखास सापडतो: 'प्रयोगाची आकृती पाहून निष्कर्ष लिहा.' आकृतीच्या जागी नुसता रिकामा चौकोन असतो. मजकूर मात्र शाबूत असतो. कुंडीतलं रोप दोन दिवस अंधारात ठेवलं, मग काही तास उन्हात ठेवलं. पान तोडून उकळलं, त्यावर आयोडीन टाकलं. पानाचा काही भाग निळा-काळा झाला, काही भाग तपकिरी राहिला.

बहुतेक मुलं लगेच लिहून मोकळी होतात: 'प्रकाशसंश्लेषणासाठी सूर्यप्रकाश आवश्यक असतो.' हे वाक्य खरं आहे, पण दिलेल्या मजकुरातून ते निघत नाही.

त्याचं कारण आयोडीनच्या कामात आहे. आयोडीनला ऊन कळत नाही, हरितद्रव्य कळत नाही. स्टार्चच्या सर्पिल रेणूत ते अडकलं की निळा-काळा रंग येतो, एवढंच. त्याआधीच्या सगळ्या पायऱ्या हा रंग नीट दिसावा म्हणून असतात. पान उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवलं की पेशी मरतात आणि आतली रासायनिक उलाढाल जागच्या जागी थांबते. मग पान अल्कोहोलमध्ये ठेवून हरितद्रव्य काढून टाकायचं, कारण हिरव्या पानावर निळा रंग ओळखू येत नाही. अल्कोहोलची परीक्षानळी थेट ज्योतीवर धरायची नाही. गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी करायची. अल्कोहोल ७८ अंश सेल्सियसलाच उकळतं आणि त्याची वाफ पेट घेते. बाहेर काढलेलं पान फिकट आणि पापडासारखं कडक झालेलं असतं, म्हणून ते कोमट पाण्यात मऊ करून पसरायचं आणि मग आयोडीनचे थेंब टाकायचे.

या पायऱ्या निदान तीन वेगवेगळ्या प्रयोगांत अगदी सारख्या असतात. पहिल्यात पानाच्या मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावलेली असते आणि प्रश्न प्रकाशाचा असतो. दुसऱ्यात क्रोटनसारखं हिरवं-पांढरं पान घेतात आणि प्रश्न हरितद्रव्याचा असतो. तिसऱ्यात अर्धं पान पोटॅशियम हायड्रॉक्साइड असलेल्या बाटलीच्या आत, अर्धं बाहेर. ते द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. म्हणजे निरीक्षण एकच, पण निष्कर्ष तीन. कोणता घटक वेगळा ठेवला होता हे फक्त मांडणी सांगते, आणि तीच आकृतीबरोबर गेली.

तरी तपकिरी भागाचा आकार कुठे दिला असेल तर माग लागतो. सरळ कडांचा आडवा पट्टा असेल तर तिथे कागद होता असं मानायला हरकत नाही. वेड्यावाकड्या कडांचे, पानाच्या काठाला किंवा मधे पसरलेले डाग असतील, तर ते मूळचे पांढरे भाग असावेत. बुचाची जागा असावी अशा रेषेच्या एका बाजूचा सगळा भाग तपकिरी असेल, तर बाटलीचा प्रयोग. हा अंदाज आहे, म्हणून उत्तरातही तो अंदाज म्हणूनच लिहावा.

मांडणी कळली तरी निष्कर्षाला मर्यादा राहतेच. काळी पट्टी पानाला घट्ट चिकटली असेल, तर ती प्रकाशाबरोबर हवाही अडवते. मग स्टार्च नेमका कशाच्या अभावामुळे झाला नाही? शेजारी तेवढीच पारदर्शक प्लास्टिकची पट्टी तशीच घट्ट लावली आणि तिच्याखालचा भाग निळा-काळा झाला, तरच दोष प्रकाशाच्या अभावाला देता येतो. बाटलीच्या प्रयोगातही शेजारी नुसतं पाणी भरलेली दुसरी बाटली हवी. रोप आधी अंधारात ठेवलं नसेल, तर दिसणारा स्टार्च कालचाही असू शकतो. स्टार्च दिसला नाही म्हणजे प्रकाशसंश्लेषण झालंच नाही, असंही नेहमी नसतं. कांद्याच्या पातीत तयार झालेलं अन्न साखरेच्या रूपात राहतं, तिथे आयोडीन तपकिरीच राहतं. उलट, साखरेच्या द्रावणावर तरंगत ठेवलेल्या पानात अंधारातही स्टार्च तयार होऊ शकतो.

तेव्हा रिकाम्या चौकोनाखाली लिहायचं उत्तर असं: 'निळ्या-काळ्या भागात स्टार्च आहे, तपकिरी भागात तो आढळला नाही. या दोन भागांत कोणता घटक वेगळा होता हे दिलेलं नाही. तपकिरी भाग कागदाने झाकलेला असेल, तर स्टार्च तयार होण्यासाठी प्रकाश लागतो असा निष्कर्ष निघेल. तो मूळचा पांढरा असेल, तर हरितद्रव्य लागतं असा. आणि बाटलीतला असेल, तर कार्बन डायऑक्साइड लागतो असा.' पाठ केलेल्या एका ओळीपेक्षा हे लांब आहे, पण हातात असलेल्या पुराव्यातून निघतं तेवढंच ते सांगतं. परीक्षकांनी अशा उत्तराला पूर्ण गुण द्यायला हवेत.