आठवा पट्टा: झेब्रा क्रॉसिंगमागचे गणित

झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे वाहनांच्या दिशेला समांतर आखलेले असतात आणि पादचारी ते आडवे ओलांडत जातो, त्यामुळे पट्ट्याची लांबी म्हणजेच पादचाऱ्यांना मिळणाऱ्या वाटेची रुंदी होय, तर पट्ट्यांची संख्या ठरते ती रस्त्याच्या रुंदीवरून. या दोन मापांची अदलाबदल झाली की पुढचा सगळा हिशेब फसतो. भारतातील रस्त्यांवर साधारणपणे पट्टा अर्ध्या मीटरचा आणि दोन पट्ट्यांमधील मोकळी जागाही अर्ध्या मीटरची ठेवतात; वाट येथे ३ मीटरची धरू.

एका कडेच्या दगडापासून दुसऱ्या कडेच्या दगडापर्यंत रस्ता साडेसात मीटर रुंद आहे असे मानले, तर पट्टा आणि मोकळी जागा यांची जोडी एक मीटरची होत असल्याने साडेसातला एकने भागून 'सात पट्टे' असे उत्तर सहज दिले जाते. हे उत्तर चूक आहे. कुंपणाला जितके गाळे असतात त्याहून खांब एकाने जास्त लागतात, आणि पट्टे हे येथे खांबांच्या जागी आहेत: सात जोड्यांनी सात मीटर व्यापल्यावर उरलेल्या अर्ध्या मीटरात आठवा पट्टा नेमका बसतो, कारण शेवटच्या पट्ट्यानंतर मोकळ्या जागेची गरजच नसते. म्हणून भागाकारापूर्वी रस्त्याच्या रुंदीत एक मोकळी जागा मिळवावी लागते. येथे ८ ला १ ने भागले की ८ पट्टे येतात. अपूर्णांक आल्यास तो सोडून द्यायचा, कारण अर्धवट रुंदीचा पट्टा आखत नाहीत.

रस्ता ७ मीटरचा असता, तर याच रीतीने साडेसात, म्हणजे सात पट्टे आले असते; त्यांनी साडेसहा मीटर व्यापले असते आणि उरलेला अर्धा मीटर दोन्ही कडांना पाव-पाव मीटर वाटून द्यावा लागला असता. साडेसात मीटरपासून साडेआठ मीटरच्या अलीकडपर्यंत मात्र पट्टे आठच राहतात आणि वाढते ते केवळ कडेचे अंतर. रंगाची गरज म्हणूनच रस्त्याच्या रुंदीबरोबर हळूहळू चढत नाही, तर जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकेका पट्ट्याने वर जाते.

दुभाजक असलेल्या रस्त्यात दोन्ही बाजूंचा हिशेब वेगळा करणे आवश्यक ठरते. साडेसात मीटरच्या दोन बाजू एकत्र करून १५ मीटर धरले, तर या सूत्राने १५ पट्टे येतात, प्रत्यक्षात मात्र ८ आणि ८ मिळून १६ लागतात.

आता रंगाकडे वळता येईल. रहदारीच्या रस्त्यावर बहुधा थर्मोप्लास्टिक रंग वापरतात. हा पातळ रंग नसून राळ, पांढरे रंगद्रव्य, खनिज भुकटी आणि बारीक काचमणी यांचे कोरडे मिश्रण असते, ते तापवून वितळवल्यावर रस्त्यावर पसरतात आणि थंड होताच ते घट्ट होते. थराची जाडी अडीच मिलिमीटर ठेवण्याचा दंडक आहे. एका पट्ट्याचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर, म्हणून आठांचे १२ चौरस मीटर. त्याला अडीच मिलिमीटर जाडीने गुणले की ३० लिटर घनफळ मिळते, आणि या मिश्रणाची घनता पाण्याच्या सुमारे दुप्पट असल्याने वजन ६० किलोच्या आसपास जाते. रात्री दिव्याचा प्रकाश चालकाकडे परत पाठवण्यासाठी ओल्या थरावर चौरस मीटरला २५० ग्रॅम काचमणी वेगळे शिंपडतात. ते येथे ३ किलो होतात.

'पट्टे निम्म्या जागेवर असतात' या समजुतीने निम्मे क्षेत्र धरले असते, तर सव्वाअकरा चौरस मीटर आले असते, म्हणजे बरोबर अर्धा पट्टा कमी. दोन्ही कडांना पट्टा टेकतो तेथे ही तूट रस्ता कितीही रुंद झाला तरी अर्ध्या पट्ट्याचीच राहते. अरुंद रस्त्यावर ती जाणवते, रुंद रस्त्यावर नगण्य होते.

६० किलो हा आकडा सपाट पृष्ठभागाचा आहे. डांबराची खडी उघडी पडलेली असेल, तर खाचा भरण्यातच माल जिरतो आणि वर दिसणारा थर जाडीला कमी भरतो. उलट गुळगुळीत रस्त्यावर ३६ किलोतच आठ पट्टे उरकले असतील, तर थर दीड मिलिमीटरचाच झाला आहे, हे रिकाम्या गोण्या मोजूनही ओळखता येते. नेमकी खात्री हवी असल्यास रंगाच्या वाटेत पातळ पत्रा ठेवून त्यावर बसलेला थर थंड झाल्यावर उचलून मोजतात.

आखणीत होणारी चूक याहून साधी असते. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या कडेपासून मोजत गेल्यास दर वेळचा एक सेंटिमीटरचा फरक साठत जातो, आणि आठव्या पट्ट्याला कडेशी जागाच अपुरी पडते. फीत एकदाच ताणून शून्य, एक, दोन असे सातपर्यंतचे पूर्ण मीटर त्याच एका कडेपासून खडूने टिपले, तर प्रत्येक खूण एका पट्ट्याची सुरुवात ठरते आणि सातव्या मीटरची खूण आठव्या पट्ट्याची असते.