दार उघडलं की आग काय करते

28 मार्च 1994 च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, वॉट्स स्ट्रीटवरच्या एका तीनमजली इमारतीच्या धुराड्यातून धूर आणि ठिणग्या निघताहेत, अशी खबर अग्निशमन दलाला मिळाली. पहिल्या मजल्यावर राहणारा माणूस कचऱ्याची प्लास्टिकची पिशवी गॅसच्या शेगडीवर ठेवून बाहेर गेला होता. शेगडीतल्या लहान ज्योतीने पिशवी पेटली. मात्र नूतनीकरण करताना ही इमारत थंडीसाठी फटीन्‌फट बुजवून घट्ट केलेली होती. त्यामुळे तासाभरात आगीने घरातला बराचसा ऑक्सिजन संपवला आणि ती मंदावली.

मंदावली, विझली नव्हती. घर अर्धवट जळलेल्या वायूंनी भरलं होतं आणि हा काळा धूर म्हणजे एक प्रकारचं इंधनच असतं. त्याला कमी होती ती फक्त हवेची.

जवानांनी तेव्हाच्या रीतीप्रमाणे काम सुरू केलं. एका तुकडीने छतावर जाऊन जिन्याच्या माथ्यावरची वाट उघडली. जिन्यातला धूर वर निघून जावा, आत शिरणाऱ्यांना नीट दिसावं आणि माणसं शोधता यावीत, हा त्यामागचा हेतू. तिघांची एक तुकडी पाण्याची नळी घेऊन पहिल्या मजल्याच्या दाराशी आली, तिघांची दुसरी वरच्या मजल्याच्या दाराशी गेली. पहिल्या मजल्याचं दार फोडताच आतून आधी नुसती कोमट हवा बाहेर आली. मग बाहेरची हवा दाराच्या खालच्या भागातून आत ओढली गेली, आतला वायू पेटला आणि प्रचंड ज्वाला दारातून जिन्यात घुसली. खालचे तिघे वाकून मागे निसटले. वरच्या मजल्यावरचे तिघे ज्वाळेच्या वाटेतच होते. साडेसहा मिनिटं तो जिना पेटत्या धुराड्यासारखा जळत राहिला. त्या तिघांचाही जीव गेला.

इथे आग कोणी नव्याने लावली नाही. तिला खाली हवा आत यायला दार मिळालं आणि वर बाहेर पडायला छत. या दोन तोंडांमधल्या वाटेला अग्निशमनातले लोक ‘फ्लो पाथ’ म्हणतात. या वाटेवर, विशेषतः आगीच्या वरच्या किंवा बाहेर पडण्याच्या बाजूला, सापडलेल्या माणसाची धडगत नसते.

छत उघडण्याची पद्धत म्हणून वाईट नाही. गरम धूर वर चढतो, त्याला वरून वाट दिली की खालचा भाग मोकळा होतो. पण हे खरं ठरतं ते पाणी सोबत असेल तरच. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेने पुढे खऱ्या आकाराची घरं बांधून ती पेटवून पाहिली. हवेअभावी दबलेल्या आगीसाठी नुसतं पुढचं दार उघडलं, तरी एकमजली घरात साधारण 100 सेकंदांत आणि दुमजली घरात 200 सेकंदांत सगळं भडकलं. छताला चार फूट बाय आठ फुटांचं भोक पाडूनही आग थंड झाली नाही. भोकातून जेवढी उष्णता गेली, त्याहून जास्त ती नव्या हवेमुळे तयार झाली. पाणी मारल्यावर मात्र तेच भोक कामाला आलं. आजच्या घरांत फोमच्या गाद्या आणि प्लास्टिक जास्त, त्यामुळे आग हवा लवकर संपवते आणि ही स्थिती वारंवार येते. म्हणून आता दारावर एक माणूस ठेवून, पाण्याची नळी जाईल एवढीच फट ठेवायला शिकवतात.

‘पॉझिटिव्ह प्रेशर’ची युक्ती याच शास्त्रावर चालते. दाराबाहेर काही फुटांवर मोठा पंखा अशा अंतरावर ठेवतात, की हवेचा झोत चौकट पूर्ण झाकेल. आत दाब थोडासा वाढतो आणि धूर आधीच मोकळ्या केलेल्या दुसऱ्या तोंडातून बाहेर ढकलला जातो. अट अशी, की ते तोंड जळत्या खोलीतच हवं आणि आत येण्याच्या दाराएवढं किंवा त्याहून मोठं हवं. ते लहान पडलं, तर धूर आणि ज्वाला उलट पंख्याकडे, म्हणजे जवानांकडेच येतात. मधल्या खोल्यांच्या खिडक्या उघड्या राहिल्या, की दाब वाया जातो. लाकडी भिंतींच्या पोकळीत आग शिरलेली असेल, तर पंखा तिला आतल्या आत पसरवतो. बाहेर जाण्याच्या बाजूच्या खोलीत कोणी अडकलेलं असेल, तर पंखा त्याच्यासाठी घातकच. आग आटोक्यात आल्यावर उरलेला धूर काढायला पंखा वापरणं त्यामानाने बिनधोक. आग जोरात असताना तो लावणं हे फक्त पक्की तालीम असलेल्यांचं काम.

आपल्याकडच्या काँक्रीटच्या स्लॅबला भोक पाडायचा प्रश्न बहुधा येत नाही. पण जिना आणि गच्चीचं दार असतंच आणि खालच्या फ्लॅटचं दार उघडं टाकून लोक पळाले, तर जिना धुराने भरतो. उंच इमारतींत आणीबाणीच्या जिन्यात पंख्याने दाब राखतात तो याचसाठी, पण प्रत्येक मजल्याचं दार पाचर लावून उघडं ठेवलं की तो दाबही टिकत नाही. फ्लॅटला आग लागली तर सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून बंद करा, धूर जावा म्हणून खिडकीची काच फोडू नका आणि 101 ला फोन करून आत कोणी राहिलंय का, ते आधी सांगा.