हिरवी खूण नेमकं काय सांगते?

ब्राउझरमध्ये सुरक्षिततेचं एक्स्टेंशन टाकलं की वेबसाइटच्या नावाशेजारी हिरव्या-लाल खुणा दिसू लागतात. लाल खूण दिसली तर मागे फिरावं, हे बरोबरच. घोळ होतो तो हिरव्या खुणेमुळे. साइट तपासली आणि चांगली निघाली, असं आपण समजतो. ती खूण मात्र अनेकदा एवढंच सांगते की या साइटबद्दल अजून तक्रार नाही.

क्रोम ब्राउझर बराच काळ घातक पत्त्यांची यादी आपल्या संगणकावर ठेवून तिच्याशी पत्ता ताडून पाहायचा. ही यादी अर्ध्या ते एका तासाने ताजी व्हायची. मार्च 2024 मध्ये गूगलनेच सांगितलं की घातक साइट सरासरी 10 मिनिटंही टिकत नाही. समजा, बँकेच्या नावाने 11 वाजता एसएमएस आला, तुम्ही 11.05 ला लिंक उघडली आणि 11.09 ला साइट गायब झाली. यादी ताजी होणार 11.30 ला! म्हणून आता क्रोम थेट गूगलच्या सर्व्हरला विचारतो. पण ती साइट तोवर कुणी पकडलेलीच नसेल, तर सर्व्हर तरी काय सांगणार?

पकडणंही सोपं नाही. साइट तपासायला येतो तो बहुधा एखाद्या डेटा सेंटरमधला प्रोग्रॅम. भामट्याचा सर्व्हर पाहुणा ओळखून त्याला कोरं पान दाखवतो आणि मोबाइलवरून आलेल्या माणसाला बँकेचं खोटं लॉगिन. काही भामटे तर शाळेची किंवा दुकानाची जुनी, दुर्लक्षित वेबसाइट फोडून तिच्यात आपलं पान घुसवतात. मूळ साइटची पत त्या पानाला आयती मिळते.

शिवाय तपासणाऱ्याला तपासणार कोण? पत्ता तपासायचा तर तो एक्स्टेंशनला दिसावाच लागतो. लोकांच्या मतांवर साइटना गुण देणारं ‘वेब ऑफ ट्रस्ट’ लाखो लोक वापरत होते. नोव्हेंबर 2016 मध्ये जर्मनीच्या एनडीआर वाहिनीने उघड केलं की वापरकर्त्यांनी कुठल्या साइट पाहिल्या याची माहिती पुढे विकली जात होती, आणि तिच्यावरून माणूस ओळखताही येत होता. त्यानंतर फायरफॉक्स आणि क्रोमच्या स्टोअरमधून ते हटलं. बदल करून पुढे परतलं.

तेव्हा लाल खुणेचं ऐका, पण हिरवीच्या भरवशावर पासवर्ड देऊ नका. पत्ता स्वतः वाचा, आणि पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधीचं शेवटचं नाव पाहा. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत `.bank.in` वर यायला सांगितलं होतं. `bank.in.kyc-update.example/login` या पत्त्यात `bank.in` आहे खरं, पण शेवटी नाही. म्हणजे ती साइट बँकेची नाही, शेजारी कितीही हिरवं दिसो.