१४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर का अडतो?

मॉनिटरच्या खोक्यावर १४४ हर्ट्झ असं ठळक छापलेलं असतं, जास्तीचे पैसेही त्याचसाठी मोजलेले असतात, आणि घरी आणून जोडल्यावर पडदा मात्र ६० हर्ट्झवरच चालत राहतो. कित्येकांना हे महिनोन् महिने लक्षात येत नाही, कारण चित्र दिसतं, रंग छान असतात, बिघाड म्हणावा असं काहीच नसतं. हर्ट्झचा आकडा सांगतो की पडद्यावर सेकंदाला किती वेळा नवं चित्र येतं. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ वर दर ६.९ मिलिसेकंदांनी. माउसचा बाण झपकन फिरवला, लांबलचक पान भराभर सरकवलं किंवा वेगवान खेळ लावला की हा फरक डोळ्यांना जाणवतो. पडदा ३० वर अडकला असेल तर साधा बाणसुद्धा हाताच्या मागून रेंगाळत येतो.

असं झालं की बहुतेक जण आधी नवी केबल आणतात. कधी त्याने काम होतं, पण पुष्कळदा पैसे वाया जातात. मी म्हणेन, खरेदीआधी एक यादी उघडून बघा. विंडोज ११ मध्ये Settings, मग System, मग Display आणि तिथे Advanced display असं आत जा. दोन पडदे जोडलेले असतील तर वरच्या चौकटीत योग्य पडदा निवडा. खाली Choose a refresh rate समोर ही यादी असते. मॅकवर ती System Settings मधल्या Displays मध्ये Refresh rate या नावाने सापडते. सोबत मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी त्याचा मेनू उघडा आणि त्यातलं Information हे पान बघा. बहुतेक मॉनिटर तिथे प्रत्यक्ष मिळणारा आकडा दाखवतात. संगणक काय पाठवतोय आणि मॉनिटरला काय पोचतंय, हे दोन्ही ताडून पाहता येतं.

आता एक नेहमी आढळणारी जोडणी घेऊ. २७ इंची मॉनिटर, २५६० गुणिले १४४० पिक्सेल, १४४ हर्ट्झ. समोर ग्राफिक्स कार्ड बसवलेला डेस्कटॉप, मध्ये एचडीएमआय केबल, आणि पडदा ६० वर. पुढची वाट त्या यादीत काय दिसतं यावरून ठरते.

यादीत १४४ असेल आणि फक्त निवडलेलं नसेल, तर केबलही ठीक आणि पोर्टही ठीक. प्रश्न सेटिंगचा आहे. मॉनिटर जोडला की तो केबलमधल्या एका हळू तारेवरून संगणकाला आपली माहितीपत्रिका देतो. तिला ईडीआयडी म्हणतात. आपल्याला कोणते आकार आणि कोणते वेग झेपतात हे तिच्यात लिहिलेलं असतं, आणि त्यातली एक नोंद ‘पसंतीची’ म्हणून मांडलेली असते. कुठल्याही जुन्या-नव्या यंत्रावर चित्र नक्की दिसावं म्हणून अनेक कंपन्या ही पसंतीची नोंद ६० हर्ट्झची ठेवतात. विंडोज ती मानते आणि तिथेच थांबते. यादीतून १४४ निवडलं की विंडोज बदल कायम ठेवायचा का असं विचारते. पडदा काळाच राहिला तर काही दाबू नका, सुमारे १५ सेकंदांत आधीचा वेग आपोआप परत येतो.

याच गटात आणखी दोन गोष्टी येतात. लॅपटॉपचा पडदा आणि बाहेरचा मॉनिटर दोन्हींवर एकच चित्र ठेवलं असेल, तर दोघांना जो वेग झेपतो त्यावरच काम चालतं आणि लॅपटॉप ६० चा असेल तर मॉनिटरही तिथेच येतो. विंडोजचं बटण आणि P एकत्र दाबून Duplicate ऐवजी Extend निवडलं की ही अडचण सुटते. दुसरी गोष्ट एनव्हिडियाच्या कार्डांवर, एचडीएमआयने जोडल्यावर हमखास दिसते. कंट्रोल पॅनलमधल्या Change resolution या पानावर आकारांचे दोन गट असतात: वर टीव्हीसाठीचे Ultra HD, HD, SD आणि खाली PC. वरच्या गटातला आकार निवडलेला असला की वेग टीव्हीचेच दिसतात. यादी खाली सरकवून PC गटातला २५६० गुणिले १४४० निवडला की १४४ समोर येतो.

यादीत १४४ मुळीच नसेल, ६० किंवा फार तर ७५ वर ती संपत असेल, तर थोडा हिशेब करायला हवा, कारण त्यातूनच खरं कारण कळतं. २५६० गुणिले १४४० म्हणजे सुमारे ३६.९ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलच्या रंगाला २४ बिट लागतात. सेकंदाला १४४ चित्रं म्हटलं की हे सगळं मिळून १२.७ गिगाबिट होतं, आणि दोन ओळींच्या व दोन चित्रांच्या मधल्या मोकळ्या वेळेसाठी साधारण दहावा हिस्सा वाढवला की गरज १४ गिगाबिटच्या आसपास जाते. एचडीएमआय १.४ या पिढीच्या पोर्टातून चित्रासाठी प्रत्यक्षात सुमारे ८ गिगाबिट जातात. त्यात ६० हर्ट्झ आरामात मावतं, ७५ कसंबसं मावतं, १४४ मावणं शक्यच नाही. एचडीएमआय २.० मध्ये १४.४ गिगाबिट मिळतात, म्हणजे १४४ अगदी काठोकाठ बसतं. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये १७ गिगाबिटपेक्षा थोडं जास्त मिळतं.

हा आकडा दोन्ही टोकांना लागू असतो. संगणकाचं पोर्ट नवं आणि मॉनिटरचं जुनं असेल तर जुन्याचंच चालतं. एकाच मॉनिटरवरची सगळी पोर्टंसुद्धा सारखी नसतात. डिस्प्लेपोर्टला पूर्ण वेग आणि एचडीएमआयला कमी, अशी वाटणी अगदी सर्रास आढळते. मॉनिटरच्या माहितीपुस्तकात प्रत्येक पोर्टाखाली कोणत्या आकाराला किती हर्ट्झ याचा तक्ता असतो, तो वाचायचा कंटाळा करू नका. आपल्या जोडणीत ग्राफिक्स कार्डावर आणि मॉनिटरवर दोन्हीकडे डिस्प्लेपोर्ट असेल तर सरळ ते वापरा.

केबल संगणकाला मागे नेमकी कुठे खुपसली आहे हेही वाकून बघा. टॉवरच्या मागे वरच्या भागात, यूएसबी आणि नेटवर्कच्या खाचांजवळ, मदरबोर्डची पोर्टं असतात. ग्राफिक्स कार्डाची पोर्टं त्याखाली वेगळ्या आडव्या पट्टीत असतात. घाईत केबल वरच्या पोर्टात गेली की महागडं कार्ड बाजूला राहतं आणि चित्र प्रोसेसरमधल्या लहान ग्राफिक्समधून येतं. इंटेलच्या १० व्या पिढीपर्यंतच्या बहुतेक डेस्कटॉपांवर तिथलं एचडीएमआय १.४ चंच होतं. केबल खाली हलवली, संगणक पुन्हा सुरू केला आणि यादी उघडली की १४४ दिसतं, असं अनेकदा घडतं.

मॉनिटरच्या मेनूतही एक अडथळा दडलेला असू शकतो. काही मॉनिटर जुन्या यंत्रांशी जुळावं म्हणून डिस्प्लेपोर्ट १.१ किंवा एचडीएमआय १.४ वर चालवायची सोय देतात. हा पर्याय चालू असेल तर माहितीपत्रिकेतून वरचे वेग गळून पडतात आणि संगणकाला ते कळतच नाहीत. तो १.२, १.४ किंवा २.० असा वरचा करून मॉनिटर एकदा बंद-चालू करायचा.

राहिली केबल. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट इथे अगदी वेगळे वागतात, आणि ही गोष्ट दुकानात फारशी कुणी सांगत नाही. एचडीएमआय २.० पर्यंतच्या जोडणीत केबलची चाचणी घेण्याची सोयच नाही. संगणक माहितीपत्रिका वाचतो, १४४ यादीत टाकतो आणि निवडल्यावर तेवढा ओघ सोडून देतो. केबलला तो पेलला नाही तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र सेकंदभर काळं होऊन परत येतं किंवा ‘सिग्नल नाही’ असं दिसतं. म्हणून एचडीएमआयवर १४४ यादीत असून निवडल्यावर अशी लक्षणं दिसली तर संशय केबलवर घ्यावा. १४४ यादीतच नसेल तर केबल बदलून बहुधा काही मिळत नाही.

डिस्प्लेपोर्टमध्ये मात्र दोन्ही टोकं आधी आपापसात चाचणी करतात. मोठ्या वेगाला चुका आल्या की ती गुपचूप खालच्या वेगावर येतात, आणि मग १४४ यादीतूनच नाहीसं होतं. काल होतं आणि आज नाही, अशी तक्रार असेल तर केबल दोन्ही बाजूंनी काढून पुन्हा नीट बसवा, मग दुसरी आखूड केबल लावून बघा. नवी घ्यायची झाली तर २.० च्या एचडीएमआयसाठी वेष्टनावर Premium High Speed हे प्रमाणपत्राचं लेबल असलेली घ्या. तिची चाचणी १८ गिगाबिटला झालेली असते. लांबी दोन मीटरच्या आत असलेली बरी. मुलामा सोन्याचा आहे की नाही याने वेगात फरक पडत नाही.

लॅपटॉपवाल्यांची अडचण थोडी वेगळी, पण हिशेब तोच. फोर-के मॉनिटर यूएसबी-सी हबमधून जोडला की अनेकदा यादी ३० हर्ट्झवर संपते. ३८४० गुणिले २१६० ला ६० हर्ट्झवर मोकळ्या वेळेसकट सुमारे १२.८ गिगाबिट लागतात. यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. हबला पेनड्राइव्ह आणि नेटवर्कसाठीही वेग द्यायचा असल्यामुळे तो दोन जोड्या त्यांना देतो आणि चित्रासाठी दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या हिशेबाने त्या दोन जोड्यांतून ८.६ गिगाबिट जातात, म्हणून ३०. लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील तर त्याच दोन जोड्यांतून जवळपास १३ गिगाबिट जातात आणि ६० जेमतेम बसतं. नाहीतर हब मधून काढून यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी थेट केबल लावायची, म्हणजे चारही जोड्या चित्राला मिळतात. त्याआधी लॅपटॉपचं ते पोर्ट चित्र पाठवतं का हे तपासा, कारण काही पोर्टं फक्त चार्जिंग आणि डेटासाठीच असतात.

हब किंवा मॉनिटर विकत घेताना ‘फोर-के चालतं’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, किती हर्ट्झवर चालतं ते विचारा. पिढीच्या आकड्यावरही पूर्ण विसंबता येत नाही. एचडीएमआयचे नियम सांभाळणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की २.० आता वेगळं उरलेलं नाही, ते २.१ मध्ये सामावलेलं आहे आणि २.१ मधला ४८ गिगाबिटचा वेग ऐच्छिक आहे. त्यामुळे २.१ असं लिहिलेल्या पोर्टाची मर्यादा २.० इतकीच असू शकते. खात्रीसाठी कंपनीच्या तक्त्यातली ‘२५६० गुणिले १४४०, १४४ हर्ट्झ’ ही ओळ आपल्याला वापरायच्या पोर्टासमोरच लिहिलेली आहे का, हे बघावं लागतं.