शाळेकडे माध्यम बदलाचा अर्ज करताना

बेळगाव भागातले अनेक पालक मुलाला इंग्रजी माध्यमातून मराठी माध्यमात आणायचे म्हणतात, पण अर्जात ‘मुलाला मराठी हवी’ एवढेच लिहितात. शाळा त्याचा अर्थ मराठी हा भाषा विषय हवा, असा घेऊ शकते. म्हणून ‘शिक्षणाचे माध्यम’ हे शब्द अर्जात स्पष्ट हवेत. माध्यम बदलले की गणित, परिसर अध्ययन हे विषयही मराठीतून येतात. कन्नड मात्र सुटत नाही. २०१५ च्या कर्नाटक कायद्याने ती भाषा विषय म्हणून शिकावीच लागते.

चौथी पूर्ण केलेल्या मुलीचे उदाहरण घेऊ. तिच्याच शाळेत मराठी माध्यमाची तुकडी असेल, तर मुख्याध्यापकांना दिलेला अर्ज पुरतो. नसेल, तर दाखला काढून दुसऱ्या शाळेत जावे लागते. सरकारी वा अनुदानित शाळेत जायचे असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आधीच्या शाळेने दाखला लगेच द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.

अर्जाचा मजकूर एवढाच पुरे: ‘माझी मुलगी चौथी इंग्रजी माध्यमातून उत्तीर्ण झाली आहे. आमची मातृभाषा मराठी आहे. पाचवीपासून तिचे शिक्षणाचे माध्यम मराठी करावे आणि तशी नोंद शाळेच्या दप्तरात व ऑनलाइन नोंदीत करावी, ही विनंती.’ मातृभाषा कोणती, हे ठरवण्याचा अधिकार पालकांचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितले आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच जरूर घ्यावी.

घोळ बहुधा नोंदीत होतो. मुलगी मराठी तुकडीत बसते, पण ऑनलाइन नोंदीत माध्यम इंग्रजीच राहते. पाठ्यपुस्तके इंग्रजीतली हाती आली, तर तो पहिला इशारा समजावा. तेव्हाच नोंद दुरुस्त करून घ्यावी, नाहीतर दहावीच्या परीक्षेच्या नोंदणीपर्यंत चूक पुढे जाऊ शकते.

मुलीची तयारी पाहायची, तर तिला मराठीतले शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला द्यावे. बेरीज येते, पण अंश, छेद, परिमिती हे शब्द अडतात, असे दिसले तर अडचण गणिताची नाही, शब्दांची आहे. सुट्टीत तेवढे शब्द करून घेता येतात. मात्र पुस्तक कर्नाटकाचे मराठी माध्यमाचेच घ्यावे. महाराष्ट्राच्या बालभारतीचा अभ्यासक्रम वेगळा असतो.

हा बदल पाचवीत करणे सोयीचे, कारण सहावीपासून विज्ञान आणि समाज विज्ञान वेगळे होतात आणि नव्या शब्दांचा भार एकदम वाढतो.